कशावरूनबाई

सकाळी दुधाला उकळी येत होती, नवऱ्याचा एक मोजा सापडत नव्हता आणि सूनबाई एका हाताने पाव भाजत दुसऱ्याने मोजा शोधत होती. तेवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, "आज पाऊस येणार बहुतेक."

"कशावरून?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

संपलं! या घरात 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. निवृत्त झाल्या, केस पांढरे झाले, पण तो एक शब्द काही निवृत्त झाला नाही. गल्लीत त्यांचं नावच 'कशावरूनबाई' पडलं होतं. वाण्यालासुद्धा त्या विचारत, तांदूळ जुना म्हणतोस, कशावरून? आणि तो बिचारा मूठभर तांदूळ हातावर घेऊन खरोखर दाखवू लागे. सुरुवातीच्या काळात सूनबाईला या शब्दाचा वैताग यायचा. आता तो घड्याळाच्या टिकटिकीसारखा घरातलाच झाला होता.

तोच दारावर थाप पडली.

दारात मागच्या चाळीतली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करणारी बाई उभी होती. रात्रपाळी संपवून थेट आली होती. हातांना साबणाचा वास, काखेत गुंडाळलेला कागद.

"बाई आहेत का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. वॉर्डात मदतनिसाची जागा निघाली होती, कायमची. पण शालान्त परीक्षा पास हवी. बाकी सगळे विषय तिने पदरात पाडून घेतले होते, भाषा मात्र दोनदा हुकली. "उताऱ्यात मार खाते, बाई. धडे पाठ करता येतात. उतारा नवाच येतो. तो कसा पाठ करू? पुढच्या महिन्यात पेपर आहे. यंदाही भाषा गेली तर जागा दुसऱ्या कुणाला."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "आधी चहा घे. मग दाखव तुझं लिहिलेलं."

उतारा छोटासाच होता. मुलगी दुपारी शाळेतून घरी येते. दारात चिखलाने भरलेले बूट असतात, चिखल अजून ओला असतो. आई रेडिओचा आवाज कमी करते, आतल्या खोलीच्या खिडकीचा पडदा ओढते, दार हलकेच लोटते, ताटावर झाकण ठेवते. मुलीला म्हणते, "हळू बोल, बाबा आलेत." खाली प्रश्न होता: बाबा आत काय करत असावेत?

धुलाईवालीने लिहिलं होतं: बाबा रागावून बसले आहेत. आई त्यांना घाबरते.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "कशावरून?"

"आवाज कमी केला ना!"

"केला. राग कुठे आहे? शब्दावर बोट ठेव."

बोट कागदावर फिरलं. पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून चौथीवर. मग थांबलं, तेही समासात, जिथे काहीच छापलेलं नव्हतं. "ते काय लिहायचं असतं, बाई? माणूस घरी आला की आवाज कमी करायलाच लागतो."

स्वयंपाकघराच्या दारात ऐकत उभ्या राहिलेल्या सूनबाईचा तव्यावरचा पाव करपला. सासूबाईंनी चहाचा कप धुलाईवालीच्या जवळ सरकवला.

"तुझ्या घरचं तू मला सांगशील तेव्हा मी ऐकेन," त्या म्हणाल्या. "खरंच ऐकेन. पण हा प्रश्न उताऱ्यातल्या या घराचा आहे. इथे आपण पाहुणे. पाहुण्याने डोळ्यांना दिसतं तेवढंच बोलावं. चल, काय काय दिसतं?"

"आवाज कमी. दार हलकेच लोटलं."

"भीतीनेही लोटेल की. तुझं उत्तर तिथपर्यंत चालतं. पुढे?"

"पडदा." ती अडखळली. "भर दुपारी पडदा."

"राग आलेल्या माणसाला अंधार लागतो?"

"माझ्या घरी..." तिने स्वतःलाच थांबवलं. खुदकन हसली. "नाही बाई, मी पाहुणी. अंधार झोपायला लागतो. आणि ताट झाकलंय, म्हणजे जेवण मागे ठेवलंय, उठल्यावर खायला. चिखल ओला, म्हणजे आत्ताच आलेत. थकून झोपलेत!"

"आता बघ. एका खुणेवर उत्तर टांगलंस तर ते कुठेही झुलतं. दोन-चार खुणा एकाच बाजूला वळल्या की मगच धर. आणि जी खूण तुझ्या उत्तरात बसत नाही, तिला पायाखाली दडपायचं नाही. तीच तुझी शिक्षिका."

"म्हणजे माझं आधीचं साफ चूक?"

"अंदाज बांधणं चूक नाही. प्रश्नात 'असावेत' आहे, ओळखूनच सांगायचंय. पण हवेत बांधायचं नाही. उत्तर लिहायचं, मग 'कारण' लिहायचं, मग उताऱ्यातले शब्द. 'कारण'नंतर हात थांबला, तर समजायचं, उत्तर आपल्या पोटातून आलं, कागदावरून नाही."

मग रोज रात्रपाळीनंतर ती येऊ लागली. सासूबाई जुन्या मासिकांतले परिच्छेद काढून द्यायच्या, तेही निवडून. एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं, "या गोष्टीतल्या म्हाताऱ्याला मुलं किती?" सूनबाईला राहवलं नाही. भांडी घासता घासता ती ओरडली, "दोन! दोन खाटा आहेत ना!"

"बोट?" धुलाईवालीने सासूबाईंच्या आधी विचारलं. "वहिनी, खाटा दोन आहेत, मुलं कुठे आहेत? दुसरी पाहुण्याची असेल. भाडेकरूची असेल. यात सांगितलंच नाहीये."

"काय गं, मलाच?" सूनबाईने ओला हात झटकला.

सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "उताऱ्यावरून सांगता येत नाही, हेही उत्तरच असतं. आमच्या काळी निम्म्या शिक्षकांना ते लिहायचं धाडस नव्हतं."

सूनबाई त्या रात्री नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या आईला गल्ली हसते. पण त्या बाईला तिच्या घरचं एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी. सगळ्यांनी केव्हाच कहाणी रचली असती." नवऱ्याने सवयीने विचारलं, "कशावरून?" तिने उशी फेकून मारली.

निकाल लागला त्या दिवशी धुलाईवाली पेढ्यांऐवजी मोठं कलिंगड घेऊन आली. पास, आणि भाषेत चक्क चांगले गुण. बसायच्या आतच बोलायला लागली.

"बाई, उताऱ्यात एक बाई पत्राचं पाकीट घेऊन पोस्टाच्या दारात उभी होती. ती दुःखी का, असा प्रश्न. माझ्या डोक्यात लगेच आलं, नवऱ्यानं सोडलं असणार! हात लिहायलाही लागला होता. मग बोट ठेवलं. कुठेच टेकेना. खोडलं. पुन्हा वाचलं तर तीन ओळी वर होतं, मुलाने पत्ता बदलला होता, आणि हिचं पाकीट परत आलं होतं. कारण लिहिलं, शब्द लिहिले. पेन कुठे थांबलं नाही." तिने कलिंगड पुढे सरकवलं. "पुढच्या सोमवारी वॉर्डात रुजू व्हायचंय. बाई, तुम्हाला मी काय देऊ? कलिंगडावर भागवू नका."

सूनबाईला वाटलं, आता सासूबाई नेहमीसारख्या 'काही नको गं' म्हणतील. त्यांनी सुरी घेतली, कलिंगडाच्या दोन फाका कापल्या, एक तिला दिली, हात पुसले.

"तुझी प्रश्नपत्रिका आहे ना घरी? दोन दिवसांसाठी दे. तो उतारा मला वाचायचाय."