कार्टमधला जुना भाव

मलकापुरात एका शेठजींचं मोटारपंप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. त्यांची ऑनलाइन विक्रीची वेबसाइट मी बनवत होते, घरी बसून, एकटीनं. मोताळ्याकडच्या गावांत नेट येतं-जातं, म्हणून गिऱ्हाइकाची कार्ट मी त्याच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये साठवली होती. कोणती वस्तू, किती नग आणि तेव्हा दिसलेला भाव. साइट बंद करून आठ दिवसांनी उघडली तरी निवडलेलं सामान तसंच. पण तोवर भाव बदललेला असायचा. म्हणून ऑर्डर पक्की करताना साइट सर्व्हरकडून ताजे भाव मागवायची. फरक निघाला तर जुना-नवा दोन्ही दाखवायची आणि विचारायची, चालेल का?

साइट दाखवायला दुकानात गेले, तेव्हा शेठजींना हेच खटकलं. "ऐन टायमाले विचारलं का गिऱ्हाईक पळते, ताई. कार्टमंधला भाव हाय तोच घ्या."

मी लॅपटॉप काउंटरवर ठेवला. साइटची वेगळी चाचणीची प्रत होती, तिच्यात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बदल केला. मग ब्राउझरमध्ये साठवलेला पंपाचा भाव खोडून एक रुपया लिहिला. ऑर्डर एक रुपयात पक्की झाली.

"हे कोणीबी करू शकते?"

"ज्याला जमतं तो कोणीही. फोन त्याचा, त्यातला आकडाही त्याच्याच हातात. म्हणून हिशेब सर्व्हरनंच करायचा."

शेठजींनी तो एक रुपयाचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बरं, सर्व्हरले विचारा. पण वाढला तर चुपचाप नवा लावा, अन् उतरला तर जुनाच राहू द्या. त्याले कुठी मालूम पडते?"

"हे मी लिहिणार नाही."

"काऊन? साइट माही हाय ना?"

"साइट तुमची. पण लिहिणारे हात माझे आहेत. दुसरा माणूस बघा."

माझा आवाज चढला होता. दुकानातली दोन माणसं वळून बघत होती. बघू देत म्हटलं. मी लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात गल्ल्यापाशी बसलेली त्यांची सून बोलली. ऑर्डरींचे फोन तीच घ्यायची. "मामाजी, गिऱ्हाईक शिव्या मले देते, तुमाले नाही. ताईनं केलं तसंच राहू द्या. नाहीतर फोन तुमी घेत जा."

सासऱ्यासमोर ती इतकं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. शेठजींनाही नसावं. ते उठून गोदामात गेले, ते सुनेनं माझ्यासाठी मागवलेला चहा संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. त्याच आठवड्यात साइट सुरू झाली, मी लिहिली होती तशीच.

पुढचं काम त्यांनी मला दिलं नाही. अकोल्याच्या कुणाला तरी दिलं म्हणे. खुशाल द्यावं. आता नव्या दुकानदाराला पहिल्याच भेटीत मी ते भाव बदलल्याचं पान उघडून दाखवते. असंच राहील, म्हणून सांगते. नको म्हणणाऱ्या दोघांकडून उठून आले आहे.