ओके, आय कम

साधनाचे केक भारी, पण मेसेज म्हणजे अक्षरशः पत्रं! परदेशात, सेंगकांगच्या फ्लॅटमधल्या किचनमधून ती एगलेस केक विकते. गिऱ्हाइकाला आधी हवापाणी, मग तब्येत, मग स्वतःच्या ओव्हनची सगळी कहाणी. ऑर्डर कुठेतरी तळाशी. एक गिऱ्हाईक कंटाळून पळालंसुद्धा!

म्हणून बुकित तिमाहच्या श्रीमंत कॉन्डोतून मिसेस लिमचा मेसेज आला, तेव्हा लेकीनं, गार्गीनं, दमच दिला. लिमबाईंच्या ऑफिसात दर महिन्याला वाढदिवस असतात. शनिवारचा केक आवडला, तर पुढचे सगळे साधनाकडे.

"आई, शॉर्ट लाह! काय, कधी, कुठे. एक गोड ओळ. मग थांबायचं! आणि इकडे 'हो'ला नुसतं 'कॅन' पुरतं."

साधनानं जीव मुठीत धरून लिहिलं, 'मँगो केक, एगलेस, एक किलो. सॅटरडे चार वाजता, पिकअप माझ्या घरून.' खाली पत्ता. 'थँक यू, मिसेस लिम!' स्मायली एकच.

'परफेक्ट,' लिमबाई म्हणाल्या.

झालं होतं की! पण निरोप न घेता बाई उठणार कशी? आणि 'जाते' कोण म्हणतं, शिव शिव! तिनं टाइप केलं, 'ओके, आय कम.'

'नाऊ आह?'

आता आवरायचं का, असं विचारतायत वाटतं. 'कॅन.'

'आय टेल सिक्युरिटी?'

असेल काहीतरी कॉन्डोचं. 'कॅन.'

'यू ड्रिंक टी?'

किती प्रेमळ! 'कॅन!'

थोड्या वेळानं मेसेज आला. 'वेअर आर यू? टी कोल्ड आलरेडी.'

गार्गीनं चॅट वाचलं आणि सोफ्यावर लोळली. "आई! तू स्वतःच स्वतःला चहाला बोलावलंस!"

साधनाला रडूच फुटलं. गेली ऑर्डर! रडत रडत तिनं माफीनामा सुरू केला, तोही लहानपणापासून.

"तीन ओळी!" गार्गी ओरडली.

'सॉरी मिसेस लिम, माझी चूक. आमच्याकडे निघताना "येते" म्हणतात, म्हणजे बाय. केक सॅटरडेला चारलाच.'

निळ्या टिक्स. उत्तर नाही. साधनानं देवाला हात जोडले.

मग आलं! 'हाहा, सो क्यूट. ओके, आय कम!'

"बघ, शिकल्या!" साधना नाचलीच. निवांत गाऊन चढवला, डोक्यावर तेल थापलं.

बेल वाजली. दारात लिमबाई, हातात थर्मास. "आय सेड आय कम, व्हॉट! टी वेस्ट कॅनॉट."

तेल ओघळत होतं, गार्गी हसून हसून मेली होती, आणि लिमबाई शनिवारसाठी ट्रायल म्हणून केलेला मँगो केक चाटूनपुसून खात होत्या. "एव्हरी मंथ, कॅन?"

"कॅन! कॅन!"

लिफ्टपाशी त्या वळल्या. "ओके, आय गो."

'गो'? शिव शिव! साधना अनवाणीच धावली. "नो, नो, मिसेस लिम! से आय कम!"

लिमबाईंनी लिफ्टचं दार हातानं अडवलं. "कम व्हेन? नाऊ आह?"