सहा अक्षरांनंतरची नागमोडी रेघ

पेणहून सकाळच्या गाडीने मी रोह्याला जायचे. केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ट्रेनी होते. कायम होईन की नाही, ते त्या महिन्यात ठरणार होतं.

लॅबमध्ये नुकताच विंडोज ९५चा कॉम्प्युटर आला होता. फाइलला लांब नाव देता येतं याचं मला फार अप्रूप. एकेका लॉटची तपासणी संपली, की मी सर्टिफिकेट थेट फ्लॉपीवर सेव्ह करायचे : ‘Certificate Lot 4’, मग ‘Certificate Lot 1’, जे आधी होईल ते. आत लॉट नंबर टाइप करायचा नाही, अशी तिथली पद्धत होती. नंबरची चौकट माल पाठवणारे डिस्पॅचचे काका ड्रमवरचा नंबर बघून हाताने भरत.

त्या दिवशी सहा लॉटांची फ्लॉपी काकांकडे पोचवून मी परतले. अर्ध्या तासाने त्यांच्या टेबलाशी गेले, तर त्यांच्या जुन्या डॉसच्या स्क्रीनवर एकही ओळखीचं नाव नव्हतं. CERTIF, नागमोडी रेघ, आकडा. एक ते सहा. डॉसला नावात आठच अक्षरं चालत. काकांनी आकडा म्हणजेच लॉट धरून तीन सर्टिफिकेटं छापली होती, नंबर घालून शिक्केही मारले होते. पण आकडा माझ्या सेव्ह करण्याच्या क्रमाचा होता. पहिलं सर्टिफिकेट चार नंबर लॉटचं होतं.

बाहेर ट्रकवर ताडपत्री बांधत होते. मी शिक्के मारलेले कागद उचलून पुन्हा पुन्हा उलटत राहिले.

बाटल्या न्यायला आलेल्या लॅबच्या मावशी माझ्याकडे बघून थांबल्या. खाडीकडच्या, आवाज खणखणीत. “काय झालं गो?”

“नंबर चुकलेत,” मी पुटपुटले.

त्या दारात जाऊन ओरडल्या, “ए, ट्रक नाय सोडायचा! कागद चुकलेत!”

काकांनी चष्मा वर केला. “इंग्रजी शाळेत आठ अक्षरांत नाव लिहायला शिकवत नाहीत वाटतं?”

“फ्लॉपी पुसली नाही ना, काका?”

“नाय अजून. पुसणारच होतो.”

फ्लॉपी लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि लांब नावं जशीच्या तशी दिसली. प्रत्येक फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तिचं डॉसमधलं नावही होतं. सहा जोड्या कागदावर लिहिल्या. काकांनी ड्रम बघत बघत एकेक जोडी ताडून पाहिली, शिक्के मारलेली तिन्ही सर्टिफिकेटं फाडली आणि नव्याने छापली.

उशीर का झाला, विचारायला मॅनेजर आले. मी उभी राहिले, पण काकाच आधी बोलले. “नंबर मी घातले साहेब, न विचारता. पोरीने वेळेवर पकडलं.”

ट्रक गेला. मावशी बाटल्या विसळायला बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसून विसळू लागले, तशा हसल्या. “बोलायचं गो जरा मोठ्यानं. आम्ही हाय ना.”

दोघांनाही मी तेव्हा धड ‘थँक्यू’सुद्धा म्हटलं नाही.