वडील गेलेल्या माणसाला गेलेला ईमेल

कुंभारवाड्याजवळ, जंगलाला लागून, वहिनी आणि मी पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवतो. चौकशी करणाऱ्याला आठवणीचे ईमेल आपोआप जातात. त्याचं उत्तर आलं की थांबतात. एका गृहस्थांकडून रजेचं आपोआप येणारं उत्तर आलं, ‘वडील वारले. कामावर नाही.’ अशा उत्तरावरही ईमेल थांबवायची सोय वेगळी होती, ती बंदच राहिली होती. दुसऱ्या दिवशी ‘जंगल तुमची वाट बघतंय’ असा ईमेल त्यांना गेला.

त्यांनी स्वतः लिहिलं, ‘कृपया आता लिहू नका.’ तेव्हा कुठे ईमेल थांबले.

“आता न्हाई ना जाणार?” वहिनीनं विचारलं.

“न्हाई. ती सोयबी चालू केली.”

मी माफीचा ईमेल लिहायला बसले, पण तोही आमचाच आणखी एक ईमेल झाला असता. वहिनी म्हणाली, “राहू दे.” मी लिहिलेलं पुसलं. जिवाला मात्र चैन पडेना.