रांगेतला मुखरू

केसरबाई रामटेके माजरीकडच्या खाण-वसाहतीतल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा सातवीत मुली होत्या तीन, आणि त्यातलीही एक दिवाळीनंतर दिसेनाशी झाली. बाई मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या बांधावर वाढलेल्या. बाबासाहेबांचा फोटो घरात लागला त्याच वर्षी वडिलांनी त्यांचं नाव शाळेत घातलं होतं, त्यामुळे शाळा सुटलेली पोरगी दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नसे. संध्याकाळी पातळाचा काठ कोळशाच्या धुळीत काळा करत त्या घरोघर फिरल्या. आया सगळ्या एकच सांगत: पोरीले पाठवलं तर लहान्याले पाहील कोण? बाईंनी फार विचार न करता सांगून टाकलं, "तर त्याले घेऊनच ये म्हणा."

पोरी घेऊन आल्या. कडेवर, बोटाला, फ्रॉकच्या टोकाला धरून. पाच-सहा वर्षांत सातवीत मुलांपेक्षा मुली जास्त झाल्या. वर्गात एखादं पिल्लू पाटीवर रेघोट्या मारत बसलेलं असे, एखादं बहिणीच्या मांडीवर झोपलेलं. हजेरीत त्यांची नावं नव्हती. साहेब लोक तपासणीला आले की गुणाबाई, म्हणजे शाळेची शिपाईण, सगळी पिल्लं मागच्या पडवीत नेऊन मुरमुरे देई. ही गोष्ट साऱ्या वसाहतीला माहीत होती, कागदाला तेवढी नव्हती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात शाळेच्या स्वयंपाकाच्या छपराला आग लागली. सुट्टी होती म्हणून कोणाला काही झालं नाही, पण संस्थेच्या समितीने त्याचा धसका घेतला. ठरलं असं की दिवाळीआधी मुलांना बाहेर काढण्याचा सराव घ्यायचा, खाणीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून तो तपासून घ्यायचा, आणि निकाल चांगला आला नाही तर पाचवी ते सातवीचे वर्ग भद्रावतीला हलवायचे. भद्रावतीला म्हणजे बसने. मुलगे गेले असते. पोरी कडेवरच्याला घेऊन बसमध्ये चढल्या नसत्या, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

अधिकारी आले ते श्रीहरीभाऊ. त्यांची दोन्ही मुलं बाईंच्याच हाताखालून गेलेली, तरी त्यांनी चहाला सरळ नाही म्हटलं. म्हणाले, आधी काम. मग पडवीत उभं राहून ठरलेलं सगळं विचारून घेतलं. घंटा कोण वाजवणार? गुणाबाई. तासाची घंटा तुटक ठोक्यांची असते, ही न थांबता वाजवायची. खोल्या कोण बघणार? लटारू मास्तर. कोणी आत नाही हे बघून दार ओढून घ्यायचं, मग सगळ्यांच्या मागून बाहेर पडायचं. रांगा कुठे? मैदानापलीकडच्या कडुनिंबाखाली, वर्गवार. ज्याने त्याने आपला वर्ग मोजायचा, आकडा बाईंना सांगायचा, आणि बाईंनी श्रीहरीभाऊंना सांगायचं. "तुम्ही सांगाल तेच शेवटचं, बाई," ते म्हणाले. "खरी आग असली तर तुमच्या शब्दावर मी माणसं आत पाठवीन, नाहीतर पाठवणार नाई."

मग ते एकटेच शाळेत एक चक्कर मारून आले आणि घड्याळ हातात धरून मैदानात उभे राहिले.

गुणाबाईने घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण घातला. सुरुवातीला गंमतच झाली. बाहेरच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जात होते, त्या आवाजात कोपऱ्यातल्या पाचवीला घंटा ऐकूच आली नाही. शेजारचा वर्ग पळताना दिसला तेव्हा ती उठली. दोघाचौघांना वाटलं शाळा सुटली, ते दप्तरं घेऊन फाटकाकडे निघाले होते, त्यांना वळवून आणावं लागलं. आणि दारात प्रत्येकजण आपापली चप्पल शोधत थांबला. लटारू मास्तर ओरडत होते, "चपला राहू द्या ना बे, काऊन वाकून राह्यले?" तरीपण चार मिनिटांच्या आत सगळी मुलं निंबाखाली आली. श्रीहरीभाऊंनी मान हलवली. बरा चेहरा केला, असं बाईंना वाटलं.

चौथीपर्यंतचे आकडे आले, बरोबर. पाचवीचा आला, बरोबर. सातवीचा आला, बरोबर. सहावी लटारू मास्तरांची. त्यांनी डोक्यांवर बोट नाचवत दोनदा मोजलं आणि मोठ्याने म्हणाले, "अठ्ठावीस. आज हजर तेवढेच. सगळे बाहेर, बाई."

आता बाईंनी फक्त ते श्रीहरीभाऊंना सांगायचं होतं. ते पेन उघडून वाट पाहत होते. जरा जास्तच शांतपणे वाट पाहत होते.

बाईंनी रांगांवरून एकदा नजर फिरवली. छोटी मंडळी पडवीतच न्यायची, हे या गडबडीत गुणाबाईला जमलं नव्हतं, कारण तिच्या हातात घण होता. ती पिल्लं बहिणींना चिकटून रांगांच्या कडेला उभी होती. आणि सहावीच्या रांगेत, दोन उंच पोरांच्या मध्ये, मुखरू उभा होता. चार वर्षांचा, शेंबूड ओढत, पोटाशी पाटी धरून. एकटा.

मुखरू एकटा कधी उभा राहत नसे. त्याची बहीण, सहावीतली कांता, त्याचं मनगट सोडतच नसे.

बाईंनी खरं सांगितलं असतं तर सगळंच कागदावर आलं असतं: ही बिननावाची मुलं कोण, किती वर्षांपासून येतात, कोणी येऊ दिली. आणि काही न सांगता नुसतं "सगळे बाहेर" म्हटलं असतं तर आकडा जुळलेला होता. पेन उघडंच होतं.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या. "हे मोजणं चुकलं. यात एक पोरगा शाळेचा नाई. कांता आत राह्यली." आणि त्या शाळेकडे पळत सुटल्या.

श्रीहरीभाऊंनी हात आडवा केला. "आत जायचं नाई, बाई. कोणीच नाई. कोण, कुठी, तेवढं मले सांगा."

बाई थांबल्या. धाप लागलेली. कांता शेवटची कुठे दिसली होती ते आठवून त्यांनी सांगितलं, मागची खोली, सतरंज्यांची. श्रीहरीभाऊंनी शिट्टी वाजवली आणि कांता सतरंज्यांच्या ढिगामागून लाजत बाहेर आली. चक्कर मारताना ती तिथे एकटीच सतरंज्या ठेवताना दिसली, तेव्हा त्यांनीच तिला बसवलं होतं, कोणाच्या ध्यानात येतं का ते पाहायला. दार बंद करताना लटारू मास्तरांनी आत डोकावलं होतं, पण ढिगामागे गेले नव्हते.

"मी एक कमी होईल म्हणून उभा होतो," श्रीहरीभाऊ म्हणाले, "अन् आकडा बराबर आला. मले समजेना."

"तिचा भाऊ तिच्या जागी उभा होता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं, कडेवरच्या पहिल्या पिल्लापासून. लटारू मास्तर खाली बघत होते. श्रीहरीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "खाणीत आम्ही नुसती डोकी नाई मोजत, बाई. खाली उतरताना ज्याचा बिल्ला त्याच्या नावाचा, अन् वर आल्यावर नावानंच परत."

अहवालात त्यांनी काहीच गाळलं नाही. वेळ ठीक. घंटा कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. खोल्या वरवर पाहिल्या. मोजणी चूक, चूक मुख्याध्यापिकांनी स्वतः, शेवटचा शब्द देण्याआधी दाखवली. शाळेत हजेरीबाहेरची मुलं येतात. खाली: सराव पुन्हा घ्यावा.

समितीत बरीच बोलाचाली झाली. दोघा सभासदांनी बाईंना तोंडावर विचारलं की तुम्ही शाळा चालवता की पाळणाघर. बाईंनी सांगितलं, दोन्ही, आणि पाळणाघर बंद केलं तर शाळाही बंद होईल. शेवटी दिवाळीनंतर एक संधी द्यायचं ठरलं.

मधल्या काळात पाचवीजवळ दुसरा रूळ टांगला गेला. लटारू मास्तर ढिगामागे, दारामागे हात घालून बघायला शिकले. छोट्यांची वेगळी रांग झाली, गुणाबाईच्या बहिणीच्या ताब्यात, आणि प्रत्येक रांगेत डोकी नाही, नावं घ्यायची असं ठरलं.

दुसऱ्या सरावाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. नावं घ्यायला वेळ लागतोच. श्रीहरीभाऊंनी तोही लिहिला आणि मोजणीपुढे 'बरोबर' लिहिलं. वर्ग भद्रावतीला गेले नाहीत.

त्या दिवशी छोट्यांच्या रांगेत मुखरूचं नाव आलं तेव्हा तो हजर म्हणाला नाही. सहावीच्या रांगेकडे बोट करून मोठ्याने म्हणाला, "कांता तिथी आहे."