आत्याच्या फोनवर न उघडलेलं फोल्डर

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाईल, फॉर्म, ओटीपी ही सगळी कामं माझ्याकडे. पप्पांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांचे रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या स्कॅन करून मी ड्राइव्हवर फोल्डर केलं. प्रत्येक फाइलला तारीख दिली, चालू गोळ्यांची यादी सगळ्यात वर ठेवली. दादाला, आईला आणि आमच्याच थेरगावात राहणाऱ्या आत्याला ते बघण्याची परवानगी दिली. आत्यासाठी तर नवा ईमेलही काढला. माझ्या फोनवर सगळं उघडत होतं. तेवढ्यावर मी निश्चिंत झाले.

आई गावी गेली होती त्या आठवड्यात पप्पांच्या नाकातून रक्त यायला लागलं, थांबेना. आत्या त्यांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी नाकात गॉज भरलं आणि विचारलं, "रक्त पातळ व्हायची गोळी कोणती?"

"बारकी हाय, पांढरी," पप्पा म्हणाले.

"काका, पांढऱ्या तर निम्म्या गोळ्या असतात. नाव कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येत नाही."

आत्याने मी पाठवलेली लिंक दाबली. प्रवेश नाही, परवानगी मागा, असं आलं. तिने मागितली. तीनदा. दादा महाळुंग्याच्या कंपनीत होता, तिथे शिफ्टला जाताना मोबाईल गेटवर जमा करतात. आईचा फोन लागत नव्हता. मी परीक्षेला बसले होते आणि माझा फोन वर्गाबाहेर, बॅगेत.

पेपर देऊन बाहेर आले तर तीन विनंत्या आलेल्या, एका अनोळखी ईमेलवरून. आधी मी त्या नाकारणारच होते. मग आत्याचे मिस्ड कॉल दिसले.

"अगं, तुझं फोल्डर मला दारातच उभं करतंय," ती म्हणाली.

तिचा फोन म्हणजे तिच्या मुलाचा जुना फोन. त्यात खातं त्याचंच होतं. मी काढलेला ईमेल त्यात कधी घातलाच नव्हता. मी परवानगी दिली आणि तिने यादी डॉक्टरांसमोर धरली. मी पोहोचले तोवर रक्ततपासणी होऊन इंजेक्शनही दिलं होतं. रक्त थांबलं होतं.

मी पप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, "पेपर कसा गेला?"

पुढच्या रविवारी मी आत्याकडे गेले. तिचा ईमेल तिच्या फोनमध्ये घातला, यादी नेटशिवायही दिसेल अशी ठेवली आणि फोन तिच्या हातात दिला. "आता तू उघड. मी सांगणार नाही."

तिने चष्मा लावला. दोनदा चुकली. मी हात मागे बांधून उभी राहिले.

"ही बघ, तुझ्या पप्पांची पांढरी गोळी," आत्या म्हणाली आणि नाव एकेक अक्षर लावत वाचू लागली.