करंगळीनं उघडलेलं खातं

खातं माझं, पण उघडायचा अंगठा ह्यांचा. हुपरीत पैंजणांच्या कड्या जोडणाऱ्या माझ्यासारख्या बायकांची बोटं कानशीनं आणि तेजाबानं पार गुळगुळीत होतात. जुन्या फोनवर माझं बोट उमटेना, तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतःचा अंगठा नोंदवला आणि पिनही आपल्याच मनानं ठेवला, मला सांगितलाच नाही. माझ्याच मजुरीचं विचारायला मी त्यांच्या मागं मागं फिरायची. मनातनं चिडायची.

परवा तो फोन पैंजण धुवायच्या घमेल्यात पडला आणि गेला. नवा आणला. हे अंगठा पुसत शेजारी हजरच.

म्हटलं, "अहो, थांबा. माझं मी बघते."

सिम घातलं, बँकेचं अॅप उतरवलं. नंबर माझाच आहे हे पटवायला त्यानं आपणहून मेसेज पाठवला. मग कार्डाचा नंबर टाकला आणि नवा पिन ठेवला, ह्यांच्याकडं पाठ करून. आता राहिलं बोट. जुनं बोट नव्या फोनात येत नाही. ते आधी फोनच्या सेटिंगमध्ये नोंदवायचं, मग अॅपमध्ये चालू करायचं.

उजवा अंगठा टेकवला. पडद्यावर आलं, 'पुन्हा प्रयत्न करा.' डावा, तेच. तर्जनी, तेच. डोकं असं तापलं म्हणता!

"कशाला जीव काढतीस? माजा घाल की," हे म्हणाले. "फोनात जे बोट असंल त्याला अॅप उघडतंय. बँकेला काय कळतंय कुणाचं हाय ते?"

तेच तर दुखणं होतं! पुन्हा ह्यांचं बोट गेलं की पुन्हा मी ह्यांच्या मागं.

तेवढ्यात सासूबाई कडी जोडता जोडता म्हणाल्या, "अगं, करंगळी बघ की. ती कामाला कुटं लागतीया?"

अगं बाई, खरंच! काम करताना माझी डावी करंगळी कायम वर उचललेली. कोमट पाण्यानं धुतली, कोरडी केली, टेकवली. उचल, टेकव, जराशी तिरकी. पडद्यावरची रेघ भरत गेली आणि गोल पुरा झाला. मग अॅपमध्ये जाऊन बोटाचं बटण चालू केलं, पिन दिला, करंगळी लावली. बंद करून पुन्हा उघडलं. उघडलं की! माझं खातं माझ्या बोटानं! मी अशी ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

हे म्हणाले, "आता माजं बी घाल, अडीनडीला."

"तुमच्या फोनात माझं हाय का?"

"न्हाय."

"मग?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं. सासूबाई मान खाली घालून हसत होत्या. "बरं," हे म्हणाले आणि उठून चहा ठेवायला गेले.